कोलिस्टिन आधी चाललं, बारा दिवसांनी चालेना. जंतूने या बारा दिवसांत नक्की काय बदललं?

मिलिंद_सांगली
मंडळी, मी इंजिनिअर माणूस, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

माझा मेहुणा (बहिणीचा नवरा) अपघातानंतर आयसीयूत होता. व्हेंटिलेटरवर असताना फुप्फुसात संसर्ग झाला. थुंकीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला आला, मेरोपेनेमसकट जवळपास सगळ्या औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. फक्त कोलिस्टिनपुढे ०.५ पेक्षा कमी आणि शेजारी 'आय', म्हणजे इंटरमीडिएट. ते सुरू केलं, ताप उतरला. बाराव्या दिवशी परत ताप आला. नवं कल्चर, तोच क्लेबसिएला, आणि कोलिस्टिनपुढे १६ किंवा जास्त, 'आर'.

तिथल्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं, "जंतूने भिंत जाड केली." मेहुणा आता दुसऱ्या औषधांवर घरी आलाय, त्यामुळे उपचाराचा सल्ला नकोय. पण मला झोप येत नाही. भिंत जाड केली म्हणजे काय केलं? आणि बारा दिवसांत?

आबा_जोशी
सोपं आहे. जंतूंकडे पंप असतात. औषध आत आलं की बाहेर उपसून टाकतात. विहिरीवरच्या मोटेसारखं. आणि बहुधा मधे एखादा डोस चुकला असेल, म्हणून जंतू शिकला.

टवाळ_कार्टं
आबा, आयसीयूत डोस कोण चुकवणार, पेशंट उशीखाली गोळी लपवतो काय?

सूक्ष्मजीवी
पुण्यात एका लॅबमध्ये सोळा वर्षं कल्चरच वाचतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आबा, पंपाचं म्हणणं बऱ्याच अँटिबायोटिकना लागू पडतं, पण इथे ते मुख्य कारण नाही. कोलिस्टिनला काम करायला आत घुसून कुठला एन्झाइम शोधायचा नसतो. त्याचं काम दारातच सुरू होतं, त्यामुळे जंतूचा बचावही दारातच असतो.

मिलिंद, क्लेबसिएलाला दोन पापुद्रे असतात, एक आतला, एक बाहेरचा. बाहेरच्या पापुद्र्याचा बाहेरचा थर लिपिड ए नावाच्या रेणूंनी भरलेला असतो. प्रत्येक लिपिड ए च्या डोक्यावर दोन फॉस्फेट, दोन्हींवर ऋण भार. आता शेजारी शेजारी इतके ऋण भार म्हटल्यावर ते एकमेकांना ढकलणार. ढकलत नाहीत कारण मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसलेलं असतं. त्यांचा भार धन, म्हणून ते दोन्हीकडच्या फॉस्फेटला धरून ठेवतात. गोधडीला टाके असावेत तसं.

कोलिस्टिन म्हणजे अमिनो आम्लांचं एक कडं आणि त्याला तेलकट शेपटी. अंगावर पाच धन भार. ते जाऊन मॅग्नेशियमला उठवतं आणि स्वतः फॉस्फेटला चिकटतं. पण मॅग्नेशियम जसं दोघांना नीट बांधून ठेवतं तसं हे धूड ठेवू शकत नाही. टाके उसवतात, शेपटी आत रुतते, पापुद्रा विस्कटतो, आणि त्या फटीतून आणखी कोलिस्टिन आत जातं.

म्हणजे सगळा खेळ त्या ऋण भाराचा. तुमच्या जंतूने भिंत जाड केली नाही. भिंत तेवढीच आहे, विटाही त्याच. विटांच्या फॉस्फेटवर त्याने धन भाराची एक टोपी चढवली. ऋण भार झाकला गेला, कोलिस्टिनला चिकटायला जागा कमी झाली.

मिलिंद_सांगली
ताई, हे कळलं! टोपी कसली?

सूक्ष्मजीवी
क्लेबसिएलात बहुतेक वेळा एक छोटी साखर, जिच्यावर अमाईन असतं. अमिनोअरॅबिनोज म्हणतात. कधी त्याऐवजी फॉस्फोइथॅनोलअमाईन. दोन्हींचं अमाईन धन भाराचं.

टवाळ_कार्टं
म्हणजे जंतूने हेल्मेट घातलं. पुण्यातला नसणार.

शालन_काकू
माझ्या आईच्या लघवीच्या रिपोर्टमध्येसुद्धा मागच्या महिन्यात कोलिस्टिन 'आर' आलं होतं. प्रोटिअस म्हणून जंतू होता. आईला तर कधी आयसीयूतही ठेवलं नाही. मीही आठवडाभर झोपले नाही. तोच हा जंतू का?

सूक्ष्मजीवी
काकू, निश्चिंत झोपा. प्रोटिअस जन्मतःच कोलिस्टिनला जुमानत नाही. त्याच्या लिपिड ए वर ती साखर मुळातच असते. सेराशिया, मॉर्गनेला, प्रॉव्हिडेन्शिया यांचीही तीच गत. त्यांच्या रिपोर्टवर कोलिस्टिन छापायलाच नको. बाकीची साधी औषधं 'एस', म्हणजे चालणारी, असतील तर त्यातलंच एखादं दिलं असेल ना?

शालन_काकू
हो हो, पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटलं. कुणी सांगितलंच नाही हो हे.

निशाचर_इंटेन्सिव्हिस्ट
रात्रपाळीत आहे, तुटक लिहितो.

मिलिंदराव, 'आय' बघून घाबरू नका. अमेरिकेच्या सीएलएसआय या संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनसाठी 'एस' हा रकानाच काढून टाकला. रिपोर्टमधला आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम औषध लागतं ते. २ किंवा कमी आलं तर 'आय', ४ किंवा जास्त आलं तर 'आर'. कारण मूत्रपिंडाला न दुखावता रक्तात जेवढी पातळी गाठता येते, ती पुरेशी असल्याची खात्री नाही. त्यातही फुप्फुसात शिरेतून दिलेलं कोलिस्टिन फार कमी पोचतं. म्हणजे मेहुण्याचा जंतू पहिल्या रिपोर्टमध्ये जितका बरा दिसत होता तितकाच होता. 'आय' हा औषधाविषयीचा शेरा आहे.

दुसरं, पहिला डोस. आपण शिरेतून देतो ते खरं कोलिस्टिन नसतं. देतो ते कोलिस्टिमेथेट, आणि शरीरात हळूहळू त्याचं कोलिस्टिन बनतं. बरंचसं त्याआधीच लघवीतून निघून जातं. म्हणून सुरुवातीला ९० लाख युनिटचा लोडिंग डोस देतात. तो दिला नाही तर पहिले एक-दोन दिवस रक्तात अर्धवट पातळी राहते. जंतू मरायला अपुरी, त्यातले चिवट निवडायला पुरेशी.

आबा_जोशी
बघा! मी म्हणत होतो डोसाचं काहीतरी आहे!

निशाचर_इंटेन्सिव्हिस्ट
अर्धा गुण देतो आबा. 😀 पण "जंतू शिकला" यावर शून्य.

मिलिंद_सांगली
डिस्चार्ज कार्डावर एके ठिकाणी ९० लाख युनिट आहे, एके ठिकाणी ७२० मिलिग्रॅम, आणि माझा एक नातेवाईक फार्मासिस्ट आहे तो म्हणाला ३०० मिलिग्रॅम. नक्की किती दिलं?

निशाचर_इंटेन्सिव्हिस्ट
तिन्ही एकच! दहा लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेट ८० मिलिग्रॅम, आणि त्यातून हिशेबाने निघणारं मूळ कोलिस्टिन साधारण ३३ मिलिग्रॅम. ९० लाख म्हणजे याच्या नऊपट. ७२० आणि ३०० च्या आसपास. म्हणून मी ऑर्डरमध्ये फक्त युनिट लिहितो, शून्यं मोजून. मिलिग्रॅम लिहिलं आणि वाचणाऱ्याने दुसरं मिलिग्रॅम समजलं तर डोस दुपटीहून जास्त चुकतो.

कोंबडीवाला_नगरी
आता सगळे आमच्यावर येणार हे माहीत आहे, म्हणून मीच आधी बोलतो. कोलिस्टिनचं नाव निघालं की पेपरात कोंबडीचा फोटो. मी ब्रॉयलर करतो. पूर्वी खाद्यातून यायचं, नाकारत नाही. वजन वाढतं म्हणून कंपनीच मिसळून द्यायची. २०१९ च्या जुलैत सरकारने जनावरांसाठी बंदी घातली तेव्हापासून आमच्याकडे बंद. तरी यांच्या मेहुण्याला आजार आमच्या कोंबडीने दिला का?

सूक्ष्मजीवी
दादा, या केसमध्ये बहुधा नाही.

कोंबड्या-डुकरांशी ज्याचा संबंध लावतात तो एमसीआर-१ नावाचा जीन. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला, तिथल्या एका डुकराच्या ई. कोलायमध्ये सापडला होता. गाजला तो एवढ्यासाठी की तो प्लाझ्मिडवर आहे, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे उचलून देता येतो. तोही टोपीच चढवतो, फॉस्फोइथॅनोलअमाईनची. चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठी कोलिस्टिन बंद केलं, त्यानंतर तिथे त्याचं प्रमाण उतरलं.

पण आपल्याकडे आयसीयूतल्या क्लेबसिएलात एमसीआर क्वचित मिळतो. तिथे जंतूचा स्वतःचाच एखादा जीन बिघडलेला असतो. बाहेरून काही आणावं लागत नाही.

कोंबडीवाला_नगरी
'बहुधा नाही' हे लिहून घेतो. बायकोला दाखवतो.

मिलिंद_सांगली
ताई, जीन *बिघडून* जंतू बलवान कसा होतो? मशीनचा पार्ट मोडला की मशीन बंद पडतं.

सूक्ष्मजीवी
ब्रेक मोडला तर?

टोपी चढवायची यंत्रणा क्लेबसिएलाकडे आधीपासून आहे. एरवी ती जवळपास बंद असते. तिचं बटण फो-क्यू नावाच्या एका संवेदक प्रथिनाकडे. आसपास मॅग्नेशियम कमी झालं की ते जागं होतं. याला अर्थ आहे. मॅग्नेशियम नाही म्हणजे टाके नाहीत, मग फॉस्फेटचं ढकलणं थांबवायला दुसरा उपाय हवा. आपल्या पांढऱ्या पेशींनी गिळल्यावरही जंतूला असाच इशारा मिळतो, आणि त्या पेशी कोलिस्टिनसारख्याच धन भाराच्या पेप्टाइडचा मारा करतात. म्हणजे ही टोपी कोलिस्टिनसाठी बनलेलीच नाही, आपल्यासाठी बनलेली आहे.

फो-क्यू फार वेळ जागं राहू नये म्हणून त्यावर एक ब्रेक आहे, एमजीआरबी. अवघ्या ४७ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. त्याच्या जीनमध्ये कुठेही काहीही बिघडलं, एक अक्षर बदललं, तुकडा गळला, किंवा जीनोममध्ये उड्या मारत फिरणारा एखादा डीएनएचा तुकडा नेमका तिथे येऊन बसला, की ब्रेक गेला. मग मॅग्नेशियम भरपूर असलं तरी टोपीचा कारखाना रात्रंदिवस चालू.

बारा दिवसांचं उत्तर यातच आहे. काहीतरी नवं *बनवायला* फार काळ लागतो. काहीतरी *मोडायला* नाही. संसर्ग झालेल्या फुप्फुसात जंतू अब्जांनी असतात. त्यात ब्रेक मोडलेले दोन-चार पहिल्या इंजेक्शनच्या आधीपासूनच असू शकतात. बाकीचे मेले, हे उरले, त्यांची पिलावळ झाली. कुणी काही शिकलं नाही, आबा.

आबा_जोशी
बरं बाई, पंप मागे घेतो. मोट राहू द्या.

टवाळ_कार्टं
मॅग्नेशियमने टाके पक्के होतात ना? मग मॅग्नेशियमच्या गोळ्या खाणारा माणूस स्वतःच्या जंतूंना मदत करतो का? आमच्या जिममधले सगळे खातात.

सूक्ष्मजीवी
थट्टेत विचारलंत पण प्रश्न खरा आहे. गोळीने रक्तातली पातळी फारशी हलत नाही, जिमवाल्यांना खाऊ द्या. लॅबमध्ये मात्र याने खरोखर घोटाळा होतो. ज्या रश्श्यात आम्ही जंतू वाढवतो त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणातच असावं लागतं. कमी-जास्त झालं की कोलिस्टिनचा आकडा बदलतो.

लॅबवाला_तात्या
ताई, एक शंका. आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये आम्ही प्लेटवर कोलिस्टिनची चकती ठेवतो. १३-१४ मिलिमीटरचं वर्तुळ आलं की 'चालतं' लिहितो. कधी कुणाची तक्रार नाही.

सूक्ष्मजीवी
तात्या, आजपासून थांबवा. रागावू नका. तक्रार करायला त्या पेशंटांपैकी किती जण परत आले असतील?

रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरतच नाही. त्यामुळे चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या जंतूचं वर्तुळ जवळपास सारखंच दिसतं. पट्टीची ई-टेस्टही याच कारणाने नको. प्रमाण मानलेली पद्धत म्हणजे रश्श्यात पातळ करत जाणं, पण त्यातही औषध प्लॅस्टिकला चिकटून कमी होतं. छोट्या लॅबला जमेल अशी एक पद्धत आहे, त्याच चकत्या वापरून.

चार नळ्या घ्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर रस्सा. पहिलीत चकती नाही, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत चार. चकती १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिलिटरला ०, १, २ आणि ४. अर्धा तास ठेवा, औषध रश्श्यात उतरू द्या. मग जंतूचं ०.५ मॅकफारलंडचं द्रावण प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर, आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी बघा. पहिली गढूळ व्हायलाच हवी, नाहीतर चाचणीच बाद. तिसरीही गढूळ असेल तर जंतू 'आर', विषय संपला. दुसरी आणि चौथी गढूळ पण तिसरी स्वच्छ, असं विचित्र दिसलं तर पुन्हा करा. कधी चूक असते, कधी जंतूंमध्ये खरंच दोन जाती मिसळलेल्या असतात.

लॅबवाला_तात्या
चकत्या त्याच, नळ्या आहेत. इतकी वर्षं कुणी बोललं नाही याचं वाईट वाटतंय. सोमवारी करून बघतो.

जर्मनीची_रसायनी
धागा आवडला, पण सूक्ष्मजीवींशी एका ठिकाणी पटत नाही. 'सगळा खेळ दारातच' हे जरा जास्त झालं. बाहेरचा पापुद्रा विस्कटला म्हणजे जंतू मेला असं नाही. मरण आतला पापुद्रा फाटल्यावर येतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की कोलिस्टिन आतल्या पापुद्र्यातही लिपिड ए वालाच रेणू धरतं. तो आत तयार होतो आणि बाहेर नेला जाण्याआधी थोडा वेळ तिथे असतो. आणि गंमत म्हणजे एमसीआर-१ असलेल्या ई. कोलायचा *बाहेरचा* पापुद्रा कोलिस्टिनने तरीही विस्कटत होता. वाचला होता तो आतला. म्हणजे टोपीचा खरा फायदा आत होतो, दारात नाही.

सूक्ष्मजीवी
तो पेपर वाचलाय. मान्य, मी सोपं करून सांगितलं. पण ते ई. कोलाय आणि एमसीआर. ब्रेक मोडलेल्या क्लेबसिएलात टोपी साखरेची असते, आणि तिथेही बाहेरचा पापुद्रा तेवढाच विस्कटतो असं मी तरी गृहीत धरणार नाही.

जर्मनीची_रसायनी
गृहीत मीही धरत नाही. पण तुमच्या गोधडीच्या उपमेत आतला पापुद्रा कुठे आहे ते सांगा.

टवाळ_कार्टं
गोधडीखाली चादर असते. ताई, हरलात.

शालन_काकू
आमच्याकडे जखमेवर लावायचं मलम आहे त्यावर 'पॉलिमिक्सिन बी' लिहिलंय. ते फेकू का?

निशाचर_इंटेन्सिव्हिस्ट
फेकू नका काकू, पण खरचटल्यावर आधी साबण-पाणी. पॉलिमिक्सिन बी म्हणजे कोलिस्टिनचा सख्खा भाऊ, कड्यातलं एक अमिनो आम्ल वेगळं, बस. म्हणूनच एक चालेना म्हणून दुसरं देण्यात अर्थ नसतो. टोपी दोघांनाही तीच. मिलिंदराव, तुमच्याकडे तसं बदलून दिलं नाही ना?

मिलिंद_सांगली
नाही. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनॅम दिलं. खर्च विचारू नका.

ताईंना एक विचारतो. तो ब्रेकच मोडला होता हे मेहुण्याच्या जंतूत तपासता येईल? दुसऱ्या कल्चरचा जंतू लॅबने फ्रीझरमध्ये ठेवलाय म्हणतात.

सूक्ष्मजीवी
येईल. पीसीआरने तो जीन वाढवून जेलवर पट्टी बघायची. जीन जेमतेम दीडशे अक्षरांचा. उड्या मारणारा तुकडा येऊन बसला असेल तर पट्टी हजारभर अक्षरांनी मोठी दिसते, नुसत्या डोळ्यांनी कळतं. पण पहिल्या कल्चरचा जंतूही हवा. नाहीतर तो याच जंतूत बदल झाला की शेजारच्या खाटेवरून दुसराच क्लेबसिएला आला, हे कधीच कळणार नाही. दोघांचं नाव रिपोर्टवर सारखंच येतं.

मिलिंद_सांगली
विचारलं. पहिला सात दिवसांनी ऑटोक्लेव्ह करून टाकला. नियमच तसा म्हणे.

लॅबवाला_तात्या
सोमवारचं सांगतो. फ्रीजमधले चार क्लेबसिएला नळ्यांत लावले. चकतीवर चारही 'चालतं' होते. नळ्यांत तीन तसेच आले, एकाच्या चारही नळ्या गढूळ. डॉक्टरांना फोन केला.

मिलिंद_सांगली
(महिन्यानंतर धागा वर काढतोय.) ओळखीतून एका मेडिकल कॉलेजात पीसीआर झालं. पट्टी जागच्या जागी, नेहमीएवढीच. तुकडा-बिकडा काही नाही. म्हणजे ब्रेक शाबूत?

सूक्ष्मजीवी
तसं म्हणता येत नाही. पट्टी लांबी सांगते, मजकूर नाही. आत एक अक्षर बदलून प्रथिन अर्ध्यात तुटत असेल तरी पट्टी तिथेच दिसणार. किंवा ब्रेक खरंच शाबूत असेल आणि बिघाड फो-क्यूमध्येच, नाहीतर पीएमआर-बी, सीआरआर-बी या दुसऱ्या बटणांत असेल. वाचून घ्या म्हणावं, सिक्वेन्सिंग. नुसता तो जीन वाचायचा तर फार खर्च नाही. पूर्ण जीनोम असेल तर मला पाठवा, मी बघते.

जर्मनीची_रसायनी
मलाही.

आबा_जोशी
आणि पंपाचे जीनही बघा म्हणावं, जाता जाता.